हिराबाईंचा वाटा : परंतुकासह कलम वाचताना

नागपूर

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझं पत्र मिळालं. कलमाचं मुख्य वाक्य कळतं, त्याखालचं परंतुकही सुटं वाचलं की कळतं, पण दोन्ही एकत्र वाचली की पहिल्याचं काय झालं हेच कळेनासं होतं, असं तू लिहिलं आहेस. वर्गात हात वर करून विचारायची भीती वाटली, म्हणून पत्र लिहिलंस, हेही त्यात आहे. नेमक्या याच आठवड्यात पहिल्या वर्षासाठी निघणाऱ्या या वाचनपुस्तिकेला प्रस्तावना लिहायचं काम माझ्याकडे आलं. पुढच्या पानांवर जी कलमं छापली आहेत त्या प्रत्येकाला परंतुक आहे. तेव्हा तुला द्यायचं उत्तर हीच प्रस्तावना असं मी ठरवलं. बाकीच्यांनी ते तुझ्या खांद्यावरून वाचावं.

परंतुकांचे प्रकार, त्यांच्याविषयीचे नियम, कोणत्या निकालात काय म्हटलं, ही यादी इथे देत नाही. ती तू परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करशीलच. मी एकच कलम घेतो आणि त्यावर सांगलीच्या एका घरात झालेला एकच दावा घेतो. कलम आहे हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चं सहावं, तेही त्याच्या जुन्या रूपात. हे निवडण्याचं कारण व्यवहारी आहे. इतर कलमं चुकीची वाचली तर ती चूक शब्दांच्या मागे लपून राहते आणि दोन पानं लिहूनही ती कोणाच्या लक्षात येत नाही. या कलमाचं उत्तर अपूर्णांकात येतं. कुठे घसरलो ते आकड्यावरून दिसतं.

आधी प्रसंग. खंडाप्पा मगदूम २७ जानेवारी १९६० रोजी वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. मृत्युपत्र नव्हतं. हिराबाईंनी सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावला. १९६३ सालचा सव्वीस नंबरचा स्पेशल दिवाणी दावा. मिळकतीत दोन घरं, जमीन, दोन दुकानं आणि काही जंगम. त्यांनी मागितला सात चोविसांश वाटा. हा आकडा ऐकायला विचित्र वाटतो. माणसं निम्मा मागतात, तिसरा हिस्सा मागतात. सात चोविसांश कोणी सहज म्हणून मागत नाही. हा आकडा कलमाच्या आतून आला आहे. तो कुठून आला हे तुला स्वतः शोधता आलं, तर परंतुक वाचता आलं असं समज.

पुस्तक उघडण्याआधी एक गोष्ट. तुझ्या हातात जो बेअर अॅक्ट आहे त्यात सहाव्या कलमाचा हा मजकूर सापडणार नाही. २००५ साली ते कलम पूर्ण बदललं. वारसा मृत्यूच्या दिवशी उघडतो, म्हणून खंडाप्पांच्या बाबतीत १९६० साली जो मजकूर होता तोच लागू. दरवर्षी दोन-चार विद्यार्थी १९६०च्या मृत्यूला २००५चं कलम लावतात, मुलींना मुलग्यांइतका वाटा देतात आणि पुढचं गणित कितीही नीट केलं तरी उत्तर पहिल्या ओळीतच चुकलेलं असतं. ग्रंथालयात २००५च्या आधीची प्रत माग. कपाटाच्या खालच्या फळीवर असते, कारण कोणी मागत नाही.

आता मुख्य वाक्य. त्याचा आशय असा: हा कायदा लागू झाल्यानंतर एखादा हिंदू पुरुष वारला आणि मृत्यूच्या वेळी मिताक्षरा एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत त्याचा हितसंबंध असेल, तर तो हितसंबंध मागे राहिलेल्या सहदायादांकडे उत्तरजीवित्वाने जाईल, या कायद्यातल्या वारसाच्या नियमांनी जाणार नाही. सहदायाद म्हणजे वर्गात आपण कोपार्सनर म्हणतो ते: त्या काळी फक्त पुरुष, बाप, मुलगे, नातू, पणतू, ज्यांना जन्मानेच मिळकतीत हक्क मिळतो. उत्तरजीवित्व म्हणजे मेलेल्याचा हिस्सा कोणाला वारसा म्हणून मिळत नाही, तो उरलेल्यांच्या हिश्शात मिसळून जातो.

इथे थांब. मजकुरात या वाक्याच्या शेवटी अपूर्णविराम आहे. त्यावर बोट ठेव आणि त्याखाली काहीच छापलेलं नाही असं समजून उत्तर काढ. खंडाप्पा गेले. सहदायाद उरले दोन मुलगे. प्रत्येकाला निम्मी मिळकत. हिराबाईंना वाटा नाही, तिन्ही मुलींना नाही. हे उत्तर वहीत लिहून ठेव. ते शेवटचं उत्तर नाही हे तुलाही माहीत आहे, पण लिहायचंच. परंतुक कशाला बाजूला सारतं हे समोर नसेल, तर ते नेमकं काय करतं हे कधीच कळत नाही. तुझी अडचण बहुतेक इथेच आहे. मुख्य वाक्याचा निकाल लागण्याआधीच तू परंतुकात शिरतेस. मग दोन अर्धवट नियम डोक्यात एकमेकांत गुंततात.

आता अपूर्णविरामाच्या पलीकडे. परंतुक म्हणतं: मात्र मृताच्या मागे अनुसूचीच्या पहिल्या वर्गातली स्त्री नातेवाईक असेल, किंवा अशा स्त्रीच्या मार्फत हक्क सांगणारा त्याच वर्गातला पुरुष नातेवाईक असेल, तर मृताचा मिताक्षरा मिळकतीतला हितसंबंध मृत्युपत्राने किंवा मृत्युपत्र नसल्यास या कायद्याच्या वारसानियमांनी जाईल, उत्तरजीवित्वाने नाही.

याला तीन प्रश्न विचार. हे परंतुक कधी उघडतं? उघडल्यावर कशाला हात लावतं? आणि ज्याला हात लावला ते कुठे पाठवतं?

कधी उघडतं: पहिल्या वर्गातली एक स्त्री मागे असली की पुरे. १९५६च्या अनुसूचीत पहिल्या वर्गात बारा नाती होती. त्यांतली आठ स्त्रियांची: मुलगी, विधवा, आई, आधीच वारलेल्या मुलाची विधवा, नाती वगैरे. उरलेल्या चार पुरुषांपैकी स्त्रीच्या मार्फत येणारा एकच, आधी वारलेल्या मुलीचा मुलगा. आता स्वतःलाच विचार, बायको नाही, आई नाही, मुलगी नाही, विधवा सून नाही, नात नाही, असा पुरुष किती घरांत सापडेल? म्हणजे मुख्य वाक्य ज्याला नियम म्हणतं तो नियम प्रत्यक्षात क्वचितच लागू व्हायचा आणि परंतुकच रोज चालायचं. परंतुक म्हणजे अपवाद आणि अपवाद म्हणजे लहान, ही समजूत इथेच सोडून दे. कोण मोठं हे छपाईतल्या जागेवरून ठरत नाही, त्याची अट किती घरांत पुरी होते यावरून ठरतं.

पण मोठं झालं म्हणून ते सैल होत नाही. कशाला हात लावतं हा दुसरा प्रश्न त्यासाठी आहे. परंतुकातले शब्द मृताच्या हितसंबंधाविषयी बोलतात, कुटुंबाच्या सगळ्या मिळकतीविषयी नाही. पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत सर्वांत जास्त भेटणारी चूक हीच. विद्यार्थी म्हणतो, वारसानियम लागू झाले, वारस सहा, म्हणून घर-जमीन-दुकानांचे सहा भाग आणि हिराबाईंना एक षष्ठांश. त्याने मुलग्यांच्या जन्मजात हक्काचीही वाटणी करून टाकली. खंडाप्पांच्या मृत्यूने खंडाप्पांचाच हिस्सा मोकळा झाला आहे. मुलगे जिवंत आहेत, त्यांचे हिस्से जागेवर आहेत. तसंच, खंडाप्पांनी स्वतःच्या कमाईने एखादं दुकान घेतलं असतं, तर त्या दुकानाला मुख्य वाक्यही लागू झालं नसतं आणि परंतुकही. ते थेट आठव्या कलमाने वारसांकडे गेलं असतं. मुख्य वाक्य जिथे पोचत नाही तिथे हे परंतुकही पोचत नाही.

याच प्रश्नाची दुसरी चूक उलट्या बाजूने होते. काहीजण समजतात की स्त्री वारस आहे म्हणून तिच्यापुरता भाग वारसाने जाईल आणि बाकीचा उत्तरजीवित्वाने. परंतुकात असं कुठेही नाही. एक स्त्री हयात असली की मृताचा सगळा हितसंबंध वळतो. नागपूर स्टेशनजवळ एका रुळातून जिथे दुसरा रूळ फुटतो ती जागा तू पाहिली असशील. सांधा बदलला की पूर्ण गाडी दुसऱ्या रुळावर जाते, दोन डबे इकडे आणि चार तिकडे असं होत नाही. हा हितसंबंधही तसाच अखंड वळतो.

कुठे पाठवतं, हा तिसरा प्रश्न सोपा आहे. मृत्युपत्र नव्हतं, म्हणून आठवं आणि दहावं कलम. विधवेला एक भाग, प्रत्येक मुलाला एक, प्रत्येक मुलीला एक. सहा वारस, सहा सारखे भाग.

आता अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. सहा भाग कशाचे? खंडाप्पांच्या हितसंबंधाचे. तो किती? एकत्र कुटुंबात वाटणी होईपर्यंत कोणाचाच हिस्सा ठरलेला नसतो. घरात जन्म झाला की तो घटतो, मृत्यू झाला की वाढतो. परंतुक ज्याला हात लावतं त्याचं माप परंतुकात दिलेलंच नाही. ते त्याखालच्या पहिल्या स्पष्टीकरणात आहे: मृत्यूच्या लगेच आधी वाटणी झाली असती तर मृताला जो हिस्सा मिळाला असता तोच त्याचा हितसंबंध समजायचा, मग त्याला वाटणी मागण्याचा हक्क असो वा नसो. प्रत्यक्षात वाटणी झालेली नाही. कायदा म्हणतो, झाली असं धरा.

म्हणून मुख्य वाक्य, परंतुक आणि स्पष्टीकरण हे तिन्ही मिळून एक कलम. परंतुकापाशी थांबणारा विद्यार्थी अर्ध्या वाटेत थांबतो.

धरलेल्या वाटणीत कोणाकोणाला हिस्सा मिळाला असता? हे कलम सांगत नाही, स्पष्टीकरणही सांगत नाही. त्यासाठी जुन्या हिंदू कायद्याकडे जावं लागतं. आपल्याकडच्या, म्हणजे मुंबई शाखेच्या मिताक्षरा कायद्यात पत्नी स्वतः वाटणी मागू शकत नाही, पण नवरा आणि मुलगे यांच्यात वाटणी झाली तर तिला मुलाइतका हिस्सा मिळतो. म्हणजे खंडाप्पा, दोन मुलगे आणि हिराबाई असे चार हिस्से. खंडाप्पांचा हितसंबंध एक चतुर्थांश. तामिळनाडूत अशा वाटणीत पत्नीला हिस्सा देण्याची पद्धत उरलेली नव्हती, म्हणून तिथे हिस्से तीन झाले असते आणि खंडाप्पांचा एक तृतीयांश धरला गेला असता. परंतुक अक्षरशः तेच, देशही तोच, आकडा वेगळा. सगळं उत्तर बेअर अॅक्टमध्ये मिळेल अशी अपेक्षा ठेवून कलम वाचू नकोस, एवढंच यातून घे.

आता हिशेब. खंडाप्पांच्या एक चतुर्थांशाचे सहा भाग केले की प्रत्येक वारसाला एक चोविसांश. हिराबाईंच्या हातात वारसाने एवढंच येतं. सांगलीच्या न्यायालयाने इथेच हात आखडला आणि त्यांना एक चोविसांश दिला. हिराबाईंचं म्हणणं होतं की धरलेल्या वाटणीत मला जो एक चतुर्थांश मिळाला असता तोही माझा. एक चतुर्थांश म्हणजे सहा चोविसांश. सहा आणि एक, सात. मुंबई उच्च न्यायालयाने सात चोविसांश मान्य केले. मुलगा गुरुपाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २७ एप्रिल १९७८ रोजी निकाल लागला. मुख्य न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी तो लिहिला आणि सात चोविसांश कायम झाले. खंडाप्पांना जाऊन तोवर अठरा वर्षं झाली होती.

सांगलीच्या न्यायाधीशांचं वाचन आळशी होतं असं मात्र समजू नकोस. त्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाच्याच निकालांत या प्रश्नावर दोन मतं होती. एक चोविसांशाच्या बाजूचा युक्तिवाद सरळ आहे: स्पष्टीकरण फक्त मृताचा हितसंबंध मोजण्यासाठी आहे. मोजून झालं, काल्पनिक वाटणीचं काम संपलं. ज्या वाटणीला अस्तित्वच नाही तिच्यातून विधवेला खरी जमीन कशी द्यायची? ऐकताना पटतं. म्हणूनच आकडे मांडून पाहावेत. हिराबाईंना फक्त एक चोविसांश आणि मुलींना प्रत्येकी एक, म्हणजे चार झाले. उरलेले वीस चोविसांश दोन मुलग्यांकडे, प्रत्येकी दहा. आता विचार: खंडाप्पांचा हिस्सा एक चतुर्थांश का धरला? हिराबाईंना चौथा हिस्सेदार मोजलं म्हणून. त्या मोजल्या गेल्या नसत्या तर खंडाप्पांचा हिस्सा एक तृतीयांश झाला असता आणि मुलींना एक चोविसांशाऐवजी एक अष्टादशांश मिळाला असता. म्हणजे या वाचनात हिराबाईंचं डोकं मोजलं ते खंडाप्पांचा, पर्यायाने स्त्री वारसांचा वाटा कमी करण्यासाठी. आणि त्यांच्या नावाने बाजूला काढलेले सहा चोविसांश मुकाट्याने मुलग्यांकडे वळले. एकाच वाटणीवर एका ओळीत विश्वास ठेवायचा आणि पुढच्या ओळीत ती नाकारायची, असा तो प्रकार.

चंद्रचूड यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. मृताचा हिस्सा ठरवण्यासाठी वाटणी झाली असं एकदा धरलं, की वारसांचे वाटे ठरवताना त्या गृहीतकावरून मागे फिरता येत नाही. तिच्यातून जे जे निघतं ते सगळं स्वीकारावं लागतं. आता त्यांच्या वाचनाचा हिशेब मांड. हिराबाई सात, मुलगे सात-सात, मुली एक-एक. एकवीस आणि तीन, चोवीस. मुख्य वाक्याने ज्या शून्यावर होत्या त्या चौघींना काही ना काही मिळालं आणि आई मुलग्यांच्या बरोबरीला आली. मुली मात्र एका चोविसांशावरच राहिल्या. परंतुकाने त्यांना वारस केलं, सहदायाद केलं नाही. हे काहींना न्याय्य वाटेल, मला वाटत नाही. पण १९६०च्या मजकुरात त्याहून जास्त नव्हतं आणि वाचकाने मजकुरात नसलेलं वाचायचं नसतं.

वर्गात हा निकाल शिकवला की उत्साहाच्या भरात उलटी चूक सुरू होते. विद्यार्थी लिहितात, पहिल्या वर्गातली स्त्री मागे ठेवून पुरुष वारला की एकत्र कुटुंब तिथेच मोडतं. नाही. १९८५ साली नारायणराव शामराव देशमुख यांच्या खटल्यात, जमीन कमाल मर्यादा कायद्याच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने हा गैरसमज दूर केला: हिराबाई वाटणी मागत होत्या, कुटुंबातून वेगळं व्हायची त्यांची इच्छा त्यांनी दावा लावून दाखवली होती. ज्या स्त्रीने तसं काही केलं नाही, ती केवळ नवरा किंवा मुलगा वारला म्हणून कुटुंबाबाहेर पडत नाही. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी पुन्हा सांगितलं की जुन्या परंतुकाखालची ही काल्पनिक वाटणी मृताचा वाटा ठरवण्यापुरती आहे, तिने प्रत्यक्षात वाटणी होत नाही आणि सहदायकी संपत नाही. गुरुपादचा निकाल आणि हा, दोन्ही शेजारी ठेवून वाच. एक म्हणतो, कल्पना केलीस तर तिचे परिणाम टाळू नकोस. दुसरा म्हणतो, ज्या कामासाठी कल्पना करायला सांगितली त्याच्या पलीकडे ती ओढू नकोस. मला यात विरोध दिसत नाही. एक त्या कल्पनेची आतली बाजू पाहतो, दुसरा तिची हद्द. काही सहकाऱ्यांना दिसतो, आणि त्यांच्याशी वाद घालायला मला आवडतं.

आता २००५चं कलम. क्रमांक तोच, सहा. ९ सप्टेंबर २००५ पासून पहिल्या पोटकलमाने सहदायादाची मुलगी मुलाप्रमाणेच जन्माने सहदायाद झाली. त्यालाही परंतुक आहे: २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली विक्री, हस्तांतरण, वाटणी किंवा मृत्युपत्राने केलेली विल्हेवाट यांना या पोटकलमामुळे बाध येणार नाही. यालाही तेच तीन प्रश्न विचार, पण उत्तरं वेगळ्याच जातीची येतील. कधी उघडतं? व्यवहार त्या तारखेच्या आधी झाला असेल तर. कशाला हात लावतं? फक्त त्या व्यवहाराला. कुठे पाठवतं? कुठेच नाही, झालं ते झालं असं म्हणून तिथेच ठेवतं. जुनं परंतुक हितसंबंधाला एका नियमातून काढून दुसऱ्यात टाकत होतं. हे नवं परंतुक केवळ राखण करतं.

उदाहरण म्हणून काटोलकडच्या एका कुटुंबाची दहा एकर संत्र्याची वडिलोपार्जित बाग समज. वडिलांनी कुटुंबाचा कर्ता म्हणून २००२ साली चार एकर विकली. मुलीने आज वाटणी मागितली तर ते चार एकर परत येणार नाहीत, ते परंतुकाच्या छत्राखाली आहेत. पण उरलेल्या सहा एकरांत ती भावाच्या बरोबरीची सहदायाद आहे. इथे होणारी चूक अशी की ‘आधी विक्री झाली आहे, म्हणून मुलीचा हक्क गेला’ असं लिहिलं जातं. परंतुकाने हक्क काढलेला नाही, एक व्यवहार वाचवला आहे. आणि तारीख नीट बघ. कायदा लागू झाला सप्टेंबर २००५ मध्ये, परंतुकात तारीख आहे २० डिसेंबर २००४. त्या दिवशी हे विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. विधेयकाची बातमी कळल्यावर मुलींचा वाटा चुकवण्यासाठी घाईघाईने वाटण्या आणि विक्री करणाऱ्यांना आडोसा मिळू नये, हा त्यामागचा उघड हेतू. म्हणून त्याच बागेतला एखादा एकर जानेवारी २००५ मध्ये विकला असेल, तर कायदा लागू होण्याआधीचा व्यवहार असूनही या परंतुकाचा आधार त्याला मिळत नाही. व्यवहाराची तारीख न विचारता मत देणारा वकील इथे हमखास फसतो.

परंतुकाच्या या दोन जातींबद्दल आपल्या गावच्या माणसाने फार पूर्वी लिहून ठेवलं आहे. न्यायमूर्ती हिदायतुल्ला इथल्या मॉरिस कॉलेजात शिकले, इथेच वकिली केली, विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात कायदा शिकवला आणि १९५४ ते १९५६ नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर १९६१ साली शाह भोजराज कुवरजी ऑइल मिल्सच्या खटल्यात, मुंबई भाडे नियंत्रण कायद्याच्या पन्नासाव्या कलमाचं परंतुक वाचताना, त्यांनी सांगितलं की परंतुक साधारणपणे मुख्य तरतुदीला मर्यादा किंवा अपवाद घालतं, त्यातून सर्वसाधारण नियम काढायचा नसतो; पण पुष्कळदा परंतुक निव्वळ काही गोष्टी राखून ठेवण्यासाठी जोडलेलं असतं आणि तेव्हा ते वरच्या कलमाच्या ताब्यात आहे असं धरून वाचता येत नाही. तो निकाल मुळातून वाच. लांब नाही, आणि इंग्रजी स्वच्छ आहे.

या पुस्तिकेतल्या कलमांखाली मी मुद्दाम उत्तरं दिलेली नाहीत. सुरुवात सहाव्या कलमाच्या जुन्या मजकुरापासूनच कर आणि मगदूम कुटुंबात एवढाच बदल कर: हिराबाई खंडाप्पांच्या आधी वारल्या होत्या, मुलगी एकच होती, तीही आधी वारली होती आणि तिला एक मुलगा आहे. खंडाप्पांची आई हयात नाही. मागे उरले फक्त पुरुष: दोन मुलगे आणि एक दौहित्र. परंतुक उघडतं का, हे आधी ठरव. मग धरलेल्या वाटणीत हिस्से किती ते मोज, आणि तिघांचे वाटे काढ. पुढच्या तासाला येताना वहीत करून आण. मुख्य वाक्याचं उत्तर पहिल्या ओळीत लिहिलेलं दिसलं पाहिजे, शेवटचं कितीही बरोबर असलं तरी. दौहित्राच्या वाट्याच्या छेदात नऊ आले नाहीत तर माझ्याकडे येण्याआधी परंतुकाची अट आणि स्पष्टीकरण पुन्हा वाच. आणि तासाला हात वर कर. बाकावरून प्रश्न आला की तो आणखी दहा जणांचा असतो, पत्रातून आला की फक्त तुझा राहतो.

तुझे सर